बी.ए.च्या वर्गात शून्यता शिकवायची तर

तत्त्वज्ञानाच्या किंवा पालीच्या वर्गात नागार्जुन पहिल्यांदाच शिकवायला घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी हे टिपण आहे. विषय मध्यमकातल्या, म्हणजे नागार्जुनाच्या परंपरेतल्या शून्यतेचा आहे. योगाचार मताची शून्यता वेगळ्या अंगाने येते. ती याच तासात घातलीत तर मुलं दोन्ही गमावतात, म्हणून तिला पुढच्या सत्रात जागा द्या. इथे सांगितलेलं सगळं साधारण तीन तासिकांत बसतं, तेही मधल्या तासिकेला घाई केली नाही तर.

सुरुवात नागार्जुनापासून करू नका. पाली निकायातल्या चूळसुञ्ञत सुत्तापासून करा. सावत्थीला मिगारमातेच्या प्रासादात बुद्ध आनंदाला सांगतात की हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे यांनी शून्य आहे, सोन्याचांदीने शून्य आहे, स्त्री-पुरुषांच्या गर्दीने शून्य आहे, पण भिक्खुसंघाने शून्य नाही. एवढंच वर्गात वाचून दाखवा आणि विचारा, "प्रासाद आहे की नाही?" आहे. "मग शून्य कशाने?" हत्तींनी. मुलांना हसू येतं, येऊ द्या. शून्य हा शब्द एकटा कधीच पुरा होत नाही, 'कशाने' हा प्रश्न त्याला कायम चिकटलेला असतो, हे त्यांना तिथेच कळतं. मराठी मुलाच्या डोक्यात शून्य म्हटलं की गणितातली पूज्याची खूण येते, आणि त्या खुणेला 'कशाने' असं कुणी विचारत नाही. ही गल्लत वर्गात आपोआप होणारच, तेव्हा तिला पहिल्या दहा मिनिटांतच वाट करून दिलेली बरी. 

त्याच्या जोडीला संयुत्त निकायातलं छोटं सुञ्ञ सुत्त ठेवा. लोक शून्य आहे असं म्हणतात ते कशामुळे, असं आनंद विचारतो. उत्तर येतं, अत्ता आणि अत्तनिय, म्हणजे आत्मा आणि आत्म्याच्या मालकीचं असं काही तिथे नाही म्हणून. आता फळ्यावर दोन रकाने काढा, 'काय शून्य आहे' आणि 'कशाने शून्य आहे'. पहिल्या ओळीत प्रासाद आणि हत्ती. दुसऱ्या ओळीत लोक आणि आत्मा. तिसऱ्या ओळीत नागार्जुनाचं नाव लिहून डावीकडे 'सर्व धर्म' लिहा, उजवा रकाना रिकामा ठेवा. तो भरणं हे पुढच्या तासाचं काम.

उजव्या रकान्यात येणारा शब्द 'स्वभाव' आहे आणि तो लिहिल्याबरोबर धोका सुरू होतो. "त्याचा स्वभाव तापट आहे" हे वाक्य आपल्या तोंडी रोजचं असतं, त्यामुळे शून्यता म्हणजे वस्तूंना काही गुणधर्मच नसतात, अशी समजूत वर्गात पटकन पसरते. नागार्जुनाला ते म्हणायचं नाही. मूलमध्यमककारिकेच्या पंधराव्या प्रकरणात तो स्वभावाची अट सांगतो, 'अकृत्रिमः स्वभावो हि निरपेक्षः परत्र च'. म्हणजे जो घडवलेला नाही आणि ज्याला दुसऱ्या कशाचीही गरज लागत नाही तो स्वभाव. थोडं पुढे तो आणखी एक भर घालतो, जे मूळचंच आहे ते बदलणं शक्य नाही. तेव्हा रकान्यात नुसता 'स्वभाव' लिहू नका. 'कुणीही न घडवलेला, कुणावरही न विसंबणारा, न बदलणारा असा स्वतःचा गाभा' असं लांबलचक लिहा आणि प्रत्येक वेळी तो पूर्ण उच्चारा. कंटाळवाणं वाटतं खरं, पण तिसऱ्या तासाला त्याचं व्याज मिळतं.

आता उदाहरण. बहुतेक जण इथे मिलिंदपञ्हातला रथ काढतात. रथ उत्तम आहे, पण मुलांनी तो इतर पेपरांत आधीच पाठ केलेला असतो, त्यामुळे विचार करायच्या आधी उत्तर येतं. म्हणून वर्ग पुण्याच्या आसपासचा असेल तर मी मुठा नदी घेते. तुमच्याकडे पंचगंगा असेल, मांडवी असेल. जिचं पाणी मुलांनी पाहिलंय ती घ्या.

मुठेवर तीन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने.

पहिला, ती कशामुळे आहे? पाऊस, सह्याद्रीचा उतार, वर टेमघर, वरसगाव, पानशेत, खाली खडकवासला. धरणातून पाणी सोडलं की शहरात नदी, नाही सोडलं की डबकी. ही कारणांवरची अवलंबिता. मुलांना ती सोपी जाते आणि ती इथेच थांबू पाहतात. थांबू देऊ नका, कारण सगळ्याच बौद्ध शाखांना एवढं मान्य आहे. नागार्जुनाचं वेगळेपण अजून आलेलंच नाही.

दुसरा, ती कशाची आहे? कुणीतरी म्हणणारच, पाण्याची. मग विचारा, खडकवासल्याहून मुठा उजव्या कालव्यात जातं ते पाणी काय आहे? तेच धरण, तेच पाणी, पण कालव्याच्या काठी उभं राहून कुणी "ही मुठा नदी" म्हणत नाही. बरं, मग नदी म्हणजे पात्र का? उन्हाळ्यात डेक्कनजवळच्या कोरड्या पात्रात गाड्या लावतात तेव्हा आपण "नदीपात्रात गाडी लावली" म्हणतो, "नदीत लावली" म्हणत नाही. मग पाणी, पात्र, काठ यांची बेरीज? टँकरभर पाणी, ट्रकभर वाळू आणि दगड एका मैदानात ओतले तर बेरीज तीच, नदी मात्र नाही. मग त्या सगळ्याची विशिष्ट मांडणी, आकार? पुरात आकार पार बदलतो आणि आपण तरीही "मुठेला पूर आला" म्हणतो. नागार्जुनाचा भाष्यकार चंद्रकीर्ती याने रथाची अशीच सात बाजूंनी झडती घेतली आहे. भागांहून एक, भागांहून वेगळा, भागांचा मालक, भागांत असलेला, ज्याच्यात भाग आहेत तो, भागांचा समूह आणि आकार, असे ते सात पर्याय. सातही वर्गात चालवू नका. समूह आणि आकार हे दोनच मुलांना खरोखर अडवतात, त्यांच्यावर वेळ घालवा.

तिसरा प्रश्न, ती 'मुठा' कुठपर्यंत आहे? संगमावर मुळा येऊन मिळते आणि पुढच्या प्रवाहाला मुळामुठा म्हणतात. ती भीमेला मिळाली की मुळामुठाही संपते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, आणि थोडं पुढे गेलं की ती परत भीमा. शेवटी कृष्णेला मिळून भीमेचंही नाव जातं. पाण्याच्या बाजूने पाहिलं तर या रेषा कुठेच आखलेल्या नाहीत. त्या आपल्या बोलण्यात, पूजेत, नकाशात, पाटबंधारे खात्याच्या फायलीत आहेत. याला नागार्जुनाच्या भाषेत 'प्रज्ञप्ति' म्हणतात, म्हणजे आधाराला धरून केलेला व्यवहार. 'आधाराला धरून' हे शब्द खोडू देऊ नका. रिकाम्या माळरानाला चंद्रभागा म्हणून भागत नाही. नाव मनमानी नसतं, पण ते वस्तूच्या पोटातूनही उगवत नाही.

इथे एक सूचना, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नदी घेतली की वर्गातला कुणीतरी हमखास म्हणतो, "एका नदीत दोनदा पाय टाकता येत नाही." वाक्य सुंदर आहे आणि तास तिथेच रुळावरून घसरतो, कारण चर्चा अनित्यतेकडे जाते. अनित्यता आणि शून्यता जवळच्या आहेत, पण एक नाहीत. क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टींनाही त्या-त्या क्षणापुरता स्वतःचा गाभा असतो, असं मानणारे बौद्ध होते, आणि नागार्जुनाचा मुख्य वाद त्यांच्याशीच आहे. म्हणून मुलांना सांगा की पाणी वाहतंय हे क्षणभर विसरा, मुठेचा फोटो काढलाय असं समजा. त्या थिजलेल्या चित्रातही दुसरा आणि तिसरा प्रश्न तितकाच टोचतो. टोचला तर उदाहरण नीट लागू पडलं.

यानंतरची पायरी अवघड आहे आणि बहुतेक अभ्यासक्रम तिला वगळतात. वर्गातला हुशार मुलगा विचारतो, "मॅडम, नदी आपण ठरवली हे पटलं. पण पाणी तर खरं आहे ना? पाण्याचे रेणू?" हा प्रश्न आला नाही तर तुम्हीच विचारा. तो नेमका अभिधर्माचा प्रश्न आहे. सर्वास्तिवादी आचार्य म्हणत की रथ, नदी, माणूस या व्यवहाराच्या गोष्टी, पण त्यांच्या तळाशी जे मूळ धर्म आहेत त्यांना स्वभाव आहे. पृथ्वीचा कठीणपणा, अग्नीची उष्णता. तळाशी काहीतरी भक्कम असेलच, असं आजच्या विज्ञान शाखेच्या मुलालाही वाटतं. नागार्जुनाचं म्हणणं असं की तळालाही गाभा नाही. शून्यतेचा खरा चटका इथे बसतो. तो वगळला तर 'नदी हे आपण दिलेलं नाव आहे' एवढीच बाळबोध गोष्ट हाती उरते.

चटका द्यायला अग्नी घ्या, कारण तो प्रतिपक्षाचंच उदाहरण आहे. उष्णता हा अग्नीचा स्वभाव, असं प्रतिपक्ष म्हणतो. चंद्रकीर्ती प्रसन्नपदेत विचारतो, ही उष्णता कुठून येते? सूर्य, सूर्यकांत मणी आणि इंधन एकत्र आले, किंवा अरणी घासली, की ती येते. म्हणजे ती घडवलेली आहे, दुसऱ्यावर विसंबलेली आहे. फळ्यावरची लांबलचक व्याख्या इथे मोठ्याने वाचा. पहिल्या दोन अटी मोडल्या. मग कारिकेच्या दहाव्या प्रकरणातला अग्नी आणि इंधनाचा युक्तिवाद घ्या. अग्नी आणि इंधन एकच म्हणाल तर जाळणारा आणि जळणारा एक होतात. वेगळे म्हणाल तर इंधनाशिवायही अग्नी असायला हवा, कायम पेटलेला. मुलं म्हणतात, इंधन आधी, अग्नी नंतर. मग विचारा, वखारीत रचलेलं सागाचं लाकूड इंधन आहे का? ते उद्या दाराची चौकट होईल. त्याला इंधनपण मिळतं ते जळण्याच्या नात्यात. म्हणजे ज्याच्यावर अग्नी विसंबला तेही अग्नीवर विसंबलं. कुणीच दुसऱ्याचा भक्कम पाया नाही.

रेणूचं काय? इथे अणूंमधली पोकळी, क्वांटम वगैरे बोलायचा मोह होतो. टाळा. 'अणू जवळजवळ रिकामा असतो' हे जागेबद्दलचं विधान आहे, आणि अणू ठासून भरलेला निघाला असता तरी नागार्जुनाच्या युक्तिवादाला धक्का लागला नसता. विज्ञानाने शून्यता सिद्ध केली असं वर्गात म्हटलंत की उद्या विज्ञान बदललं तर शून्यता खोटी ठरणार का, याचं उत्तर देत बसावं लागेल. रेणूच्या प्रश्नावर प्रामाणिक उत्तर एवढंच की तेच तीन प्रश्न त्यालाही विचारा. कशामुळे, कशाचा, आणि कुठल्या मोजमापाच्या, कुठल्या सिद्धांताच्या संदर्भात तो 'एक वस्तू' म्हणून धरला जातो.

आता वर्ग साहजिकच बिथरतो. "मग काहीच नाही का?" हा आक्षेप नागार्जुनाने स्वतःच चोविसाव्या प्रकरणाच्या पहिल्या श्लोकात प्रतिपक्षाच्या तोंडी घातला आहे. सगळं शून्य असेल तर उत्पत्ती नाही, लय नाही आणि चार आर्यसत्यंही नाहीत. आक्षेप पूर्ण ताकदीने मांडा, एखाद्या मुलीला प्रतिपक्ष करून उभी करा. मग उत्तर.

उत्तराची सोपी बाजू नागार्जुनाच्याच विग्रहव्यावर्तनीत मिळते. गाडी, घडा, वस्त्र शून्य आहेत, तरी गाडी लाकडं, गवत, माती वाहते, घड्यात मध, पाणी, दूध राहतं, वस्त्र थंडी-वाऱ्यापासून राखतं. मुठेकडे परत या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुणं बुडालं. नदीला गाभा नव्हता म्हणून कुणाचं घर वाचलं नाही. हे एकदा म्हणा, म्हणजे 'शून्य म्हणजे भास, म्हणजे दुःखही खोटं' या निष्कर्षाला वर्गात जागा राहत नाही. तो निष्कर्ष फक्त चुकीचा नाही, कुणाच्या दुःखाकडे पाठ फिरवायला तो सोयीचाही पडतो.

अवघड बाजू अशी की नागार्जुन आरोप उलटवतो. दुःखाला स्वतःचा न घडलेला, न बदलणारा गाभा असता तर त्याला कारण नसतं आणि त्याचा निरोधही झाला नसता. मग दुसरं आणि तिसरं आर्यसत्यच कोसळतं, आणि मार्गाला काही काम उरत नाही. म्हणजे चार आर्यसत्यं मोडतात ती स्वभाव मानणाऱ्याच्या हातून. 'ज्याला शून्यता जुळते त्याला सर्व जुळतं' हा चोविसाव्या प्रकरणातला चौदावा श्लोक इथे द्या, आणि मग अठरावा:

यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे ।
सा प्रज्ञप्तिरुपादाय प्रतिपत्सैव मध्यमा ॥

हा श्लोक तासाच्या सुरुवातीला दिला तर घोषवाक्य होतो. आत्ता दिला तर मुलं त्याचे चारही तुकडे स्वतः ओळखतात. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे पहिला प्रश्न आणि त्याचा पुढचा विस्तार, प्रज्ञप्ति म्हणजे तिसरा, शून्यता म्हणजे उजवा रकाना, मध्यमा म्हणजे 'आहेच' आणि 'नाहीच' या दोघांना दिलेला नकार.

महाराष्ट्रातल्या वर्गात एक गोष्ट आपल्याकडे जास्तीची असते. काही मुलांच्या घरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ असतो आणि त्यातलं शून्यतेवरचं विवेचन त्यांनी वाचलेलं असतं. डॉ. आंबेडकर तिथे स्पष्ट सांगतात की बौद्ध शून्यता म्हणजे निखळ नास्तित्ववाद नव्हे, आणि शून्यतेमुळेच सर्व काही शक्य होतं. चौदाव्या श्लोकाशेजारी ते ठेवून पाहा, मुलांचे डोळे चमकतात. फरकही दाखवा. बाबासाहेबांचा भर सतत होणाऱ्या बदलावर, अनित्यतेवर आहे. नागार्जुनाचा युक्तिवाद अवलंबितेवरून जातो. दोन्हींतून नास्तित्ववाद बाद होतो, पण वाटा निराळ्या आहेत. एकाला दुसऱ्याची पुनरुक्ती ठरवून दोघांवरही अन्याय करू नका.

शेवटची पायरी, शून्यतेची शून्यता. इथपर्यंत आलेल्या वर्गात काहींना वाटू लागतं की शून्यता ही सगळ्यांच्या मागे असलेली एक गूढ, अंतिम वस्तू आहे. निर्गुण ब्रह्माची सवय असलेल्या मुलांना तर लगेच वाटतं. यावर नवं उदाहरण शोधू नका, चंद्रकीर्तीने दिलेलं पुरतं. दुकानदार म्हणतो, "तुला द्यायला माझ्याकडे काहीच माल नाही." गिऱ्हाईक म्हणतं, "मग तो 'काहीच नाही' नावाचा माल दे." या गिऱ्हाइकाची समजूत कशी घालणार? नागार्जुनाने तेराव्या प्रकरणात शून्यतेचीच दृष्टी धरून बसणाऱ्यांना असाध्य म्हटलंय, ते याच अर्थाने. शून्यता मुठेची असते, अग्नीची असते. मुठा नसती तर मुठेची शून्यताही नसती.

रूढ उपमांपैकी मोजक्याच इथे तपासते, कारण त्याच पाठ्यपुस्तकांतून येतात. दोरी आणि साप ही वेदान्ताची उपमा आहे आणि तिथे ती चपखल आहे, कारण तिच्यात खाली दोरी खरी असते. मध्यमकात वापरलीत की मुलं विचारणार, इथली दोरी कोणती? आणि तुम्ही नकळत तिला 'शून्यता' म्हणणार. लाटा आणि समुद्राचंही तेच. समुद्र गाभा होऊन बसतो. स्वप्न आणि गंधर्वनगर यांचा प्रश्न नाजूक आहे, कारण या उपमा खुद्द नागार्जुनाने सातव्या प्रकरणाच्या शेवटी वापरल्या आहेत. त्या वगळता येत नाहीत, पण साम्य कशात आहे ते नेमकं सांगा. स्वप्न दिसतं एका तऱ्हेचं आणि असतं दुसऱ्या तऱ्हेचं, एवढंच साम्य. स्वप्नाप्रमाणे जग नाहीच, हे साम्य नाही. स्वप्नात घाबरलेल्याला घाम खरोखरचा फुटतो, हेही लक्षात आणून द्या.

समजलं की नाही हे ओळखायचं तर व्याख्या विचारू नका, ती पाठ येते. उत्तरपत्रिकेत तीन वाक्यं शोधा. "वस्तू अस्तित्वातच नाहीत" लिहिणाऱ्याने उजवा रकाना गाळला. "वस्तू सतत बदलतात म्हणून शून्य आहेत" लिहिणारा पहिल्या प्रश्नावरच अडकला, दुसरा-तिसरा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. "वस्तूंमागे शून्यता आहे" लिहिणारा ते दुकानातलं गिऱ्हाईक. तिघांना एकाच प्रकारे परत शिकवून उपयोग नाही. पहिल्याला मिगारमातेच्या प्रासादापासून, दुसऱ्याला कालव्यापासून, तिसऱ्याला दुकानापासून सुरू करा.

प्रश्न असा विचारता येतो: 'उष्णता हा अग्नीचा स्वभाव आहे, असं म्हणणाऱ्या अभिधार्मिकाला मध्यमक काय उत्तर देईल? आणि त्या उत्तरावर अभिधार्मिक काय म्हणेल?' दुसरा भाग ठेवाच. अभिधार्मिकाकडे बोलण्यासारखं बरंच आहे. उदाहरणार्थ, उष्णता कारणांनी उत्पन्न होते हे मान्य, पण ती ज्यामुळे उष्णता म्हणून ओळखू येते ते तिचं लक्षण दुसऱ्या कशाकडून उसनं आलेलं नाही, असं तो म्हणू शकतो. एखादी मुलगी हे स्वतःहून लिहिते आणि पुढे नागार्जुनाच्या बाजूने त्याला उत्तर शोधायला धडपडते, उत्तर अर्धवट राहिलं तरी, तेव्हा मी पूर्ण गुण देते.